प्रवचनातली स्वतःची गोष्ट आणि शास्त्रपाठ

प्रश्न: नागपुरात आमच्या मंडळीत मी अधूनमधून प्रवचन देतो. लूक १५ वर बोलताना माझ्या मुलाची गोष्ट सांगितली, तर लोकांना तीच लक्षात राहिली, वचन नाही. काय करू?

उत्तर: आधी ठरवा की गोष्ट नेमक्या कोणत्या ओवीसाठी आहे. ‘उधळ्या पुत्रासाठी’ हे उत्तर फार मोघम झालं.

समजा, घर सोडून गेलेला मुलगा परत आला आणि तुम्ही त्याला घ्यायला नागपूर स्टेशनवर गेलात. ही गोष्ट २० व्या ओवीला लागते: बाप दुरूनच पाहतो आणि धावत जातो. मग फलाटावर तुम्ही धावलात, तिथेच गोष्ट थांबवा. तो का गेला होता, आता कुठे नोकरीला आहे, हे सांगू नका. लोकांचं कुतूहल तिकडे गेलं की परत येत नाही.

क्रमही महत्त्वाचा. ओवी वाचा, गोष्ट दोन मिनिटांत सांगा आणि लगेच २१ आणि २२ ओव्या वाचा. मुलाने ‘मला मोलकऱ्यासारखं ठेवा’ म्हणायचं ठरवलं होतं (ओवी १९), पण ते बोलण्याआधीच बाप झगा आणायला सांगतो. हे तुमच्या गोष्टीत नाही, फक्त वचनात आहे. प्रवचनाचा भर इथेच द्या.

शेवट गोष्टीने नको. दाखला थोरल्या भावापाशी संपतो, तुम्हीही तिथेच संपवा. आणि मुलाची परवानगी आधी घ्या. तोही त्याच बाकांवर बसतो.