‘रिव्ह्यू लवकर करा’ लिहून रेट्रोत का भागत नाही

प्रश्न: आमची पुण्यात आठ जणांची टीम आहे, जिरा वापरतो. दर स्प्रिंटला कंट्रोल चार्टवर दिसतं की तिकिटं कोड रिव्ह्यूमध्ये अडकतात. रेट्रोत आम्ही ‘रिव्ह्यू लवकर करायचे’ असं लिहितो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. या आकड्यांतून नेमकं काम कसं काढायचं?

उत्तर:
कंट्रोल चार्टवरून तिकीट कुठे थांबलं ते कळतं, कशासाठी थांबलं ते कळत नाही. हे दुसरं उत्तर रेट्रोच्या आधी एकाने बसून शोधायला हवं. मीटिंगमध्ये आठवणीवर सोडलं, तर ज्याला जे तिकीट शेवटचं छळून गेलं तेच तो सांगतो.

खराडीतल्या आमच्या टीमला हाच त्रास होता. आधी गेल्या तीन स्प्रिंटमध्ये, म्हणजे सहा आठवड्यांत, रिव्ह्यूला गेलेली आणि आता पूर्ण झालेली तिकिटं काढली:

```
project = APP AND statusCategory = Done
AND status CHANGED TO "Code Review" AFTER -6w
```

या क्वेरीने यादी मिळते, पण किती वेळ गेला ते मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक तिकिटाचा इतिहास लागतो. REST API ला `expand=changelog` दिलं की कोणत्या क्षणी स्टेटस बदललं ते सगळं येतं. तिकीट रिव्ह्यूमधून परत गेलं आणि पुन्हा आलं, तर दोन्ही वेळा धरून बेरीज करा. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वजा करा, नाहीतर गणपतीतला स्प्रिंट उगाच भयंकर दिसतो. सरासरीऐवजी मध्यक पाहा, कारण महिनाभर पडून राहिलेलं एकच तिकीट सरासरी बिघडवतं.

पुढे जाण्याआधी एक खात्री करा. बदलांच्या वेळा रोज स्टँडअपच्या आसपासच्या दहा मिनिटांत गोळा झाल्या असतील, तर लोक बोर्ड फक्त तेव्हाच हलवतात आणि तुमचे तास खोटे आहेत. मग जिरा बाजूला ठेवून पुल रिक्वेस्ट उघडल्याची आणि मर्ज झाल्याची वेळ घ्या.

आमच्या 40 तिकिटांपैकी निम्म्याहून जास्त दिवसभरात रिव्ह्यूमधून सुटत होती, म्हणजे रिव्ह्यू सरसकट संथ नव्हताच. 11 तिकिटं मात्र तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबली होती. खरं काम त्या 11 मध्ये आहे. एकेकाची पुल रिक्वेस्ट उघडून आम्ही दोनच गोष्टी पाहिल्या: पहिली कमेंट कधी आली आणि शेवटची मंजुरी कधी मिळाली. 8 ठिकाणी पहिली कमेंट त्याच दिवशी होती, मंजुरी मात्र तीन-चार दिवसांनी. आठही बदल पेमेंट्सच्या फोल्डरमधले होते, आणि गिटहबच्या `CODEOWNERS` फाइलमध्ये त्या फोल्डरपुढे एकाच सीनियरचं नाव होतं. त्यांची सकाळ रिलीजमध्ये आणि संध्याकाळ अमेरिकेतल्या क्लायंटच्या कॉलमध्ये जायची. बाकीच्यांनी कितीही लवकर रिव्ह्यू केला असता, तरी सीनियरच्या मंजुरीशिवाय मर्ज अडलेलंच राहिलं असतं.

हे चित्र थेट रेट्रोच्या स्क्रीनवर लावू नका. ज्यांचं नाव त्यातून निघतं त्यांना आदल्या दिवशी एकटं गाठून दाखवा. आमच्या सीनियरनी तेव्हाच सांगितलं, ‘अहो, मलाही हे दुसऱ्या कुणाला द्यायचंय, पण पैशांचा कोड आहे, शिकवल्याशिवाय कसं देऊ?’ त्यामुळे रेट्रोत कुणाला बचाव करत बसावं लागलं नाही, चर्चा थेट तोडग्यावर झाली.

ठरलं ते असं: पुढच्या स्प्रिंटमध्ये एका डेव्हलपरने त्यांच्यासोबत बसून पेमेंट्सचे तीन रिव्ह्यू करायचे आणि मग फाइलमध्ये एका नावाऐवजी टीम टाकायची.

```
/payments/ @our-org/payments-reviewers
```

अशा टीममधल्या कुणाही एकाची मंजुरी पुरते. मात्र त्या टीमला रेपोवर राइट ॲक्सेस हवा, नाहीतर तो नियम लागूच होत नाही. हे काम बोर्डवर तिकीट म्हणून घातलं, एका माणसाच्या नावावर, तारखेसह. त्यातच लिहिलं की पेमेंट्सच्या तिकिटांचा रिव्ह्यूतला मध्यक दीड दिवसाच्या आत यायला हवा आणि या फोल्डरमधून परत उघडलेले बग वाढता कामा नयेत. बगची अट सोडू नका; नुसता वेगच मोजला, तर मंजुऱ्या डोळे झाकून दिल्या जाऊ शकतात. शिवाय एका स्प्रिंटमध्ये अशी तीन-चारच तिकिटं येतात, तेव्हा निकाल दोन-तीन स्प्रिंटनंतरच ठरवा.

तुमच्याकडे कारण वेगळं निघेल. पुल रिक्वेस्ट फार मोठ्या असतील, तर पहिली कमेंटच उशिरा आलेली दिसेल आणि तोडगा तिकिटं लहान करण्याचा असेल. क्लायंटच्या सिक्युरिटी टीमची मंजुरी अडत असेल, तर त्यांचा वेग तुमच्या हातात नाही. ती विनंती कोड लिहायला घेण्याच्या दिवशीच पाठवायची, एवढंच काम रेट्रोत लिहा. आणि थांबलेल्या तिकिटांत काहीच समान सापडलं नाही, तर त्या रेट्रोत रिव्ह्यूवर एकही काम लिहू नका, पुढच्या स्प्रिंटची तिकिटं जोडून पुन्हा पाहा.