वाचवलेलं पॅकिंग मोजायचं कसं

प्रश्न: सहावीच्या वर्गासाठी प्लास्टिकमुक्त आठवडा घेतोय. किती पॅकिंग वाचलं याचा वर्गाचा तक्ता कसा ठेवायचा आणि छोटी बक्षिसं काय द्यायची?

तक्ता एक आठवडा आधी सुरू करा. वजन करू नका. आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी रॅपर निघाली त्याला बक्षीस अजिबात देऊ नका. ह्या तिन्ही गोष्टी मी उलट्या झालेल्या पाहिल्यात, त्यातली एक माझ्याच हातून.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी सरकारी शाळेत शिकवतो. पहिल्या वर्षी मी साधा हिशेब धरला होता. दररोज दुपारी मुलांनी त्या दिवशीची रॅपर आणि पिशव्या पुढं आणायच्या, मॉनिटरनं फळ्यावर रेघा मारायच्या, शनिवारी सगळ्यात कमी रेघा असणाऱ्या तिघांना बक्षीस. सोमवारी एकतीस रेघा झाल्या, मंगळवारी एकोणीस, बुधवारी अकरा, गुरुवारी तीन. मी खूश. शुक्रवारी पाऊस जरा उघडला म्हणून मुतारीच्या मागं गेलो तर जांभ्याच्या गडग्यात, दगडादगडांच्या फटीत, चकचकीत काहीतरी दिसलं. ओढून काढलं तर चिप्सचं पाकीट, चार घड्या घालून व्यवस्थित खोचलेलं. शेजारच्या फटीत दुसरं, त्याच्याखाली तिसरं. पोरांनी गडग्याला गिलावाच केला होता म्हणा ना. एकाला बोलावलं तर तो म्हणतो, "सर, मी एकच खाल्लोय, बाकीचं त्येनं खाल्लाय की."

चूक पोराची नव्हती. रॅपर दाखवलं की बक्षीस जातं, असा नियम मीच केला होता. आकडा एवढ्या झपाट्यानं खाली आला की आधी गटार, गडगा आणि कौलांखालची जागा बघायची, हे तेव्हा कळलं.

तेव्हा आमच्या शाळेतले एक सर म्हणाले, "मुलं लपवणारच. तू आणायला सांग, वजन कर, जास्त आणेल तो वर्ग जिंकला." पुढच्या वर्षी तसंच झालं. त्यांच्या वर्गानं चार किलो दोनशे ग्रॅम जमवलं आणि जिंकले. त्यात रस्त्याकडेची चिखल भरलेली पाकिटं होती, आत पाणी साठलेलं होतं. चिप्सचं कोरडं पाकीट जेमतेम दोन-तीन ग्रॅमचं, त्यामुळं ते वजन बरंचसं चिखलाचं होतं. त्याच आठवड्यात गेटासमोरच्या दुकानातली मावशी मला म्हणाली, "गुरुजी, ह्या आठवड्यात माल दोनदा भरले की." पोरं वजन वाढवायला विकत घेऊन खात होती! आणि जिंकलेल्या वर्गाला बक्षीस काय, तर प्रत्येकाला एक पेन, प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेलं. गोळा केलेलं म्हणजे वाचवलेलं नव्हे, हे मी तेव्हापासून त्या सरांना सांगतोय. ते अजून "चार किलो दोनशे" म्हणतात.

वाचलेलं प्लास्टिक हातात धरता येत नाही, कारण ते आलेलंच नसतं. म्हणून ते फक्त तुलनेनं निघतं. तिसऱ्या वर्षी मी पहिल्या आठवड्यात कुणाला काही सांगितलं नाही. मुलांना म्हटलं, आपण गणितासाठी मोजणी करतोय, हवं ते खा, फक्त रॅपर खोक्यात टाका. सहा दिवसांत १८० नग निघाले. हजेरीपटावरून सहा दिवसांची हजेरी बेरीज केली ती १५०. म्हणजे रोज दर मुलामागे १.२ नग. पुढच्या आठवड्यात आव्हान. नग निघाले ७२.

आता इथं सगळे चुकतात. १८० वजा ७२, म्हणजे १०८ वाचले, असं फळ्यावर लिहून मोकळे होतात. पण त्या आठवड्यात रोप लावणी जोरात होती, काही पोरं शेतात. हजेरीची बेरीज फक्त १२० भरली. १२० हजेरीला जुन्या दरानं १४४ नग यायला हवे होते, आले ७२, म्हणजे वाचले ७२. उरलेले ३६ वाचवले नाहीत, ती पोरं शाळेतच नव्हती. हे गणित मी सहावीच्या मुलांकडूनच सोडवून घेतलं आणि हजेरीपट कशाला असतो ते त्यांना पहिल्यांदा कळलं.

मोजायचं फक्त शाळेच्या आवारातलं. घरातल्या दुधाच्या पिशव्या आणि तेलाची पाकिटं विचारू नका, मुलं तुम्हाला आवडेल ते उत्तर देतात. एक नग म्हणजे काय ते आधी ठरवा. डबा ज्या कॅरीबॅगमधून येतो ती आठवडाभर तीच असेल तर आम्ही ती फेकली त्या दिवशी एकदाच मोजली. मोठ्या पाकिटाचं खूळ निघालं तर वेगळा रकाना करा, नाहीतर पाच छोट्याऐवजी एक मोठं घेऊन पोरं वाचवल्याचं सांगतात. चकचकीत कागद फॉइल आहे की प्लास्टिक असा वाद झाला की मुठीत चुरगळायचा आणि मूठ उघडायची. फॉइल तसंच चुरगळलेलं राहतं, प्लास्टिक कुरकुरत परत उलगडतं. पोरांना हा खेळ फार आवडतो.

बक्षीस आम्ही दोन प्रकारचं ठेवलं. रोज ज्यानं स्वतःहून स्वतःचं रॅपर नोंदवलं त्यांच्यातल्या एकाची चिठ्ठी काढायची आणि त्याला शाळा सुटल्याची घंटा वाजवायला द्यायची. घंटेसाठी पोरं खिशातून चॉकलेटचे कागद काढून दाखवू लागली. गडग्यात त्या वर्षी एकही सापडलं नाही, मी रोज बघत होतो. आणि वर्गाचा दर निम्म्यावर आला तर शनिवारी शेवटचा तास कबड्डी. आला, १.२ चा ०.६. खाऊ द्यायचाच असेल तर स्टीलच्या वाटीत गूळ-शेंगा द्या. वर्तमानपत्राच्या पुडीत देऊ नका, छपाईची शाई खाण्याला लागते.

मावशीचं काय, हे तुमच्याकडेही निघेल. तिच्यावर बंदीचा धाक घालू नका. १ जुलै २०२२ च्या देशभरच्या बंदीत कँडीच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत, चिप्सची पाकिटं नाहीत. आम्ही तिला फुटाण्याची बरणी ठेवायला सांगितली आणि पोरं डब्याच्या झाकणात मापानं घेऊ लागली. तेवढं नसतं तर माझा ०.६ आलाच नसता, हेही खरं. आव्हान संपल्यावर आकडा पुन्हा थोडा चढला. तुमचाही चढेल. महिन्यानं दोन दिवस न सांगता मोजून बघा.

एक गोष्ट मात्र त्या वजनवाल्या सरांनीच दाखवली, कबूल करायला हवं. "पोरांचं मोजायलास, आपलं कोण मोजणार?" म्हणाले. स्टाफरूममध्ये रोज चहाच्या दुधाची पिशवी, बिस्किटांचे पुडे, कुणाची फरसाणाची पाकिटं. आम्ही पाच शिक्षक, सहा दिवसांच्या ३० हजेऱ्यांत ३९ नग. दर १.३, मुलांच्या पहिल्या आठवड्यापेक्षाही जास्त. तक्त्यात तो रकाना मॉनिटरनं स्वतःच्या हातानं आखला, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं : गुरुजी.