कार्पेट एरिया, चटई क्षेत्र आणि ‘सोय’

प्रश्न: “एका गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक आणि फ्लॅटच्या जाहिरातीचा मजकूर मराठीत करतेय. बिल्डरची एकच अट आहे: कार्पेट एरिया, सोयीसुविधा आणि पैसे भरण्याचे टप्पे यांत काहीही बदलता कामा नये. कार्पेट एरियाला ‘चटई क्षेत्र’ म्हटलं तर चालेल ना? बाकी आकडे तर जसेच्या तसे उतरवायचे आहेत.”

चालेल, पण मी तिथे ‘कार्पेट एरिया’ असंच लिहीन. ‘चटई क्षेत्र’ वाईट मराठी आहे म्हणून नव्हे. सरकारी कागदांत तो शब्द रुळलेला आहे. अडचण अशी की मराठीत तो दोन ठिकाणी राबतो. ज्याला सगळे एफएसआय म्हणतात त्याचं मराठी नावच मुळी ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ आहे. भूखंडाच्या मानाने एकूण किती बांधकाम करता येईल, याचं ते गुणोत्तर. फ्लॅटच्या आतल्या जागेशी त्याचा थेट संबंध नाही. बातम्यांमध्ये तर ‘निर्देशांक’ गळून पडतो आणि ‘पुनर्विकासासाठी वाढीव चटई क्षेत्र’ एवढंच उरतं. आता तुमचा प्रकल्प पुनर्विकासाचा असेल आणि माहितीपत्रकात एकीकडे वाढीव एफएसआय आणि दुसरीकडे जुन्या सभासदांना मिळणारा वाढीव कार्पेट एरिया असेल, तर दोन्हींचं मराठी एकच होईल. वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेईल.

ज्याच्यावर गालिचा अंथरता येईल ती जागा म्हणजे कार्पेट, असं आपण सगळेच सांगतो. २०१६च्या रेरा कायद्यातली व्याख्या त्याहून थोडी वेगळी आहे. तिच्यात बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे डक्ट, फक्त त्या फ्लॅटची असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची हे सगळं वगळलंय. पण आतल्या खोल्यांमधल्या भिंतींखालची जागा मोजली आहे. भिंतीखाली कसला गालिचा! म्हणजे चटई काय आणि कार्पेट काय, दोन्ही शब्द अक्षरशः घेतले तर चुकतातच. म्हणून हा शब्द अर्थ लावत बसण्याचा नाही, खूण म्हणून जपण्याचा आहे. ग्राहक करारनाम्यात, बँकेत, साइट ऑफिसात जो शब्द ऐकणार तोच माहितीपत्रकात दिसला पाहिजे. फार तर सुरुवातीला एकदा ‘कार्पेट एरिया, म्हणजेच रेरा कायद्यानुसारचे चटई क्षेत्र’ असं लिहा आणि पुढे एकच शब्द शेवटपर्यंत ठेवा.

खरी घसरगुंडी आकड्याच्या शेजारी असते. समजा मूळ तक्त्यात कार्पेट एरिया ५८.४० चौ. मी., बाल्कनी ४.१० चौ. मी. आणि बेरीज, म्हणजे एकूण वापरण्याजोगी जागा, ६२.५० चौ. मी. असं दिलंय. मराठीत रकाना अरुंद पडतो म्हणून कोणीतरी शेवटच्या ओळीला ‘एकूण चटई क्षेत्र’ म्हणून टाकतं. आकडा एकही बदललेला नाही, पण बाल्कनीचे सुमारे ४४ चौरस फूट कार्पेटमध्ये जाऊन बसले. तिथे ‘एकूण वापरण्याजोगे क्षेत्र’ असंच हवं, मग अक्षर बारीक करावं लागलं तरी. चौरस मीटरचे चौरस फूटही स्वतःहून करू नका. मुळात दोन्ही असतील तर दोन्ही उतरवा. नसतील तर तुमचं पूर्णांकन हा नवा आकडा झाला.

पैसे भरण्याच्या टप्प्यांत तर याहून मोठी गंमत आहे. महाराष्ट्राच्या नियमांतल्या नमुना करारनाम्यात टक्के चढत्या मर्यादांनी दिलेले आहेत: करारनामा झाल्यावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, जोते पूर्ण झाल्यावर ४५पेक्षा जास्त नाही, पोडियम आणि स्टिल्टसह सगळे स्लॅब झाल्यावर ७०, असं करत ९५ आणि उरलेले ताब्याच्या वेळी. हे प्रत्येक हप्त्याचे टक्के नाहीत, तोवरच्या एकूण भरण्याचे आहेत. माहितीपत्रकात कधी या धाटणीचा तक्ता येतो, तर कधी सुट्या हप्त्यांचा. मराठीत ‘जोते पूर्ण झाल्यावर ४५ टक्के’ एवढंच लिहिलंत तर ८० लाखांच्या फ्लॅटचा ग्राहक त्या टप्प्याला ३६ लाखांचा हप्ता समजेल. करारनाम्यापर्यंत ३० टक्के, म्हणजे २४ लाख, भरून झाले असतील तर प्रत्यक्षात त्या टप्प्याला जास्तीत जास्त १२ लाख मागता येतात. दोन शब्दांनी काम होतं: ‘जोते पूर्ण झाल्यावर, आधी भरलेल्या रकमेसह एकूण ४५ टक्क्यांपर्यंत’. तक्ता कोणत्या जातीचा आहे ते ओळखायला रकान्याची बेरीज करा. १०० आली तर सुटे हप्ते, शंभराच्या कितीतरी पुढे गेली तर चढती बेरीज.

टप्प्यांची नावंही जपून. ‘जोत्याच्या वेळी’ असं गोड मराठी लिहिण्याचा मोह होतो, पण वेळी म्हणजे काम सुरू होताना की संपल्यावर? यातून काही महिन्यांचं व्याज निघतं. मुळात पूर्ण झाल्यावर असेल तर ‘पूर्ण झाल्यावर’, सुरू झाल्यावर असेल तर ‘सुरू झाल्यावर’. जोते हा शब्द मात्र बिनधास्त वापरा. वाड्याचं जोतं माहीत असलेल्याला प्लिंथ समजवावा लागत नाही. उलट ‘पहिला स्लॅब’ला ‘पहिल्या मजल्याचा स्लॅब’ करू नका. जोत्यानंतर पडणारा पहिला स्लॅब तळमजल्याचं छत असतो आणि पहिल्या मजल्याची जमीनही, त्यामुळे ‘पहिल्या मजल्याचा’ म्हणजे नक्की कोणता, यावर साइटवरसुद्धा वाद होतात. आणि करारनाम्याला खरेदीखत म्हणू नका. करारनामा विकण्याचं वचन देतो, मालकी खरेदीखताने येते. १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी करारनामा करून नोंदवावा लागतो, असं रेरा कायदाच सांगतो, त्यामुळे पहिल्याच टप्प्यातली ही चूक सगळा क्रम उलटा करते.

सोयीसुविधांत माझं बोट एकाच शब्दावर आहे, तो म्हणजे ‘सोय’. एका माहितीपत्रकात मी स्वतः ‘मुख्य बेडरूममध्ये एसीची सोय’ असं लिहिलं होतं. मुळात फक्त पॉइंट आणि वायरिंग होतं. ताब्याच्या वेळी एका कुटुंबाने एसी कुठे आहे म्हणून विचारलं आणि बिल्डरच्या माणसाने मला फोन केला. त्यांचं बरोबर होतं; आपल्याकडे जेवणाची सोय आहे म्हटलं की ताट समोर यावं लागतं. तेव्हापासून मी ‘एसी बसवण्यासाठी पॉइंट’, ‘इन्व्हर्टरसाठी वायरिंग’ असं लिहितो. ‘प्रस्तावित क्लबहाउस’मधला ‘प्रस्तावित’ही शोभेचा नाही, तो गेला की क्लबहाउस उभं राहिलेलं असतं, निदान कागदावर. बिल्डर म्हणाला ‘मजकूर जड होतोय, काढा’, तर त्याला रेरा कायद्याचं कलम १२ दाखवा: जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून कोणी पैसे दिले आणि नुकसान झालं, तर भरपाई प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरनेच, द्यायची. ते विधान इंग्रजीत बरोबर होतं, एवढं म्हणून मराठी पत्रक वाचून आलेल्या ग्राहकाची समजूत पटणार नाही.

ताब्याच्या ओळीत ‘भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर’ असेल तर तेही पूर्ण ठेवा. नुसतं ‘ताबा देताना’ केलंत तर प्रमाणपत्राची अटच नाहीशी होते.