थर्मोकपलचे समीकरण आणि पायरीची मर्यादा

भट्टीतील बारीक तारेच्या थर्मोकपलचे तापमान मी T' = -k(T - F) या समीकरणाने काढतो. k हा १०० प्रति सेकंद असून F हे भट्टीचे तापमान आहे. फॉरवर्ड ऑयलरने ०.०२१ सेकंदाची पायरी घेतली की आलेख करवतीसारखा वरखाली होत हाताबाहेर जातो. भट्टी तर तासाभरात सावकाश तापते, मग असे का? (एक वाचक, वडोदरा)

फॉरवर्ड ऑयलरमध्ये पायरीच्या आरंभीचा उतार संपूर्ण पायरीभर तोच धरला जातो, त्यामुळे पायरीची लांबी h असेल तर आधीची कोणतीही चूक प्रत्येक पायरीला 1 - hk ने गुणली जाते. आपल्या पायरीसाठी हा गुणक -१.१ येतो. ऋण चिन्हामुळे चूक आलटून पालटून वर-खाली होते आणि एकाहून मोठ्या आकारामुळे वाढत राहते. आरंभी अंशाचा हजारावा भाग असलेली चूक शंभर पायऱ्यांत, म्हणजे जेमतेम २.१ सेकंदांत, सुमारे १४ अंशांवर पोहोचते. गुणकाचा आकार एकपेक्षा कमी राहण्यासाठी h हा 2/k पेक्षा, म्हणजे ०.०२ सेकंदापेक्षा, लहान हवा. भट्टी कितीही सावकाश तापत असली तरी ही मर्यादा बदलत नाही, आणि एका तासासाठी किमान १,८०,००० पायऱ्या घ्याव्याच लागतात. उत्तर संथ, पण पायरी मात्र केव्हाच विरून गेलेल्या वेगवान घटकाच्या ताब्यात, हेच स्टिफ समीकरणाचे लक्षण आहे.

चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत वापरली तर? (एक प्राध्यापक, ग्वाल्हेर)

मर्यादा जेमतेम 2.785/k पर्यंत सरकते, आणि एका पायरीला उतार चार वेळा काढावा लागतो. म्हणजे एकंदर काम वाढतेच.

इम्प्लिसिट पद्धतीत नेमके काय बदलते? तिचा खर्च परवडतो का? (एक विद्यार्थिनी, इंदूर)

बॅकवर्ड ऑयलर उतार पायरीच्या शेवटी घेते. त्यामुळे अज्ञात तापमान दोन्ही बाजूंना येते आणि चुकीचा गुणक 1/(1 + hk) होतो, जो धन k साठी कोणत्याही पायरीला एकपेक्षा लहानच राहतो. वरच्या उदाहरणात १० सेकंदांची पायरी घेतली तर तो 1/1001 आहे आणि तासासाठी ३६० पायऱ्या पुरतात. एका समीकरणासाठी जादा काम म्हणजे केवळ एक भागाकार. अनेक समीकरणांची रेषीय प्रणाली असेल तर प्रत्येक पायरीला एकसामयिक समीकरणे सोडवावी लागतात. परंतु सहगुणक आणि पायरी स्थिर असल्यास मॅट्रिक्सचे एलयू विघटन एकदाच करून पुन्हा पुन्हा वापरता येते. मात्र स्थैर्य म्हणजे अचूकता नव्हे: भट्टीचे तापमान १० सेकंदांत लक्षणीय बदलत असेल तर पायरी त्या बदलाला साजेशी लहानच घ्यावी लागेल.

ट्रॅपेझॉइडल नियम अधिक अचूक, तरी एक सेकंदाच्या पायरीने आरंभी लाटा का दिसतात? (एक अभियंता, इंदूर)

त्याचा गुणक (2 - hk)/(2 + hk) असल्याने येथे तो सुमारे -०.९६ आहे, चूक वाढत नाही, पण अर्धी व्हायलाच सतराएक पायऱ्या लागतात. पहिल्या दोन पायऱ्या बॅकवर्ड ऑयलरने घ्याव्यात. त्यांत आरंभीची चूक दहा हजारांहून अधिक पटींनी घटते, आणि पुढे ट्रॅपेझॉइडल नियम निर्धास्तपणे वापरता येतो.