भाव बघण्याआधी तुझा आकडा लिही

प्रिय मित्रा,

रेसमध्ये फेव्हरिट घोड्यावर १०० लावलेस, वर ८० सुटले, तरी मी त्या बेटला चुकीची म्हटलं म्हणून तू नाराज आहेस. पण महालक्ष्मीला पॅडॉकपाशी मी विचारलं होतं, हा जिंकेल याची शक्यता किती? ‘फिफ्टी-फिफ्टी,’ म्हणालास. मग तुझ्याच आकड्याने हिशेब कर. ८० चे निम्मे ४० येणार, १०० चे निम्मे ५० जाणार. त्या बेटचं अपेक्षित मूल्य उणे १० रुपये. तो भाव परवडायला १०० भागिले १८०, म्हणजे साडेपंचावन्न टक्क्यांच्या वर शक्यता हवी होती. घोडा जिंकला म्हणून हा हिशेब बदलत नाही.

म्हणून सांगतो, भाव बघण्याआधी तुझा आकडा लिही. पेनने, रेसकार्डावर, प्रत्येक घोड्यासमोर. बेरीज १०० यायलाच हवी. आवडत्या घोड्याला ५ टक्के वाढवलेस तर ते कुणाकडून काढलेस, हे तिथेच कळतं. बुकीच्या भावांवरून शक्यता काढून बेरीज केलीस तर ती १०० च्या वर जाते; तो वरचा भाग त्याचा.

त्याच रेसमध्ये एकाला तू २० टक्के दिले होतेस आणि भाव होता एकास सहा. ६०० चे २० टक्के १२०, १०० चे ८० टक्के ८०. १०० मागे ४० नफा! मग लावले का नाहीस? ‘तो हरेल असं वाटलं,’ म्हणतोस. अरे, पाचातून चारदा तो हरणारच आहे, तूच लिहिलंस की!

मात्र एवढा मोठा फरक दिसला की आधी स्वतःवर शंका घे. खरी शक्यता १४ टक्के असली तर ८४ येतात आणि ८६ जातात. सगळा नफा गेला. तबेल्यातल्या माणसांना घोड्याच्या पायाचं जे ठाऊक असतं, ते भावात आधी उतरतं. शिवाय कर. १०० च्या बेटवर समज २० रुपये वेगळे द्यावे लागले, तर जिंकलास काय नि हरलास काय, ते गेलेच. ४० चे २० उरतात.

भाव बघून मग अंदाज बांधलास, तर तो तुझा राहत नाही. बोर्डावरचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून तू परत लिहितोस. मला लोक हेकट म्हणतात, अख्खा दिवस कार्ड घेऊन बसतो नि एकही बेट लावत नाही म्हणून. म्हणोत. माझ्या आकड्याला परवडणारा भाव नसेल तर मी लावणार नाही, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

तुझी कार्डं फेकू नकोस. २० टक्के दिलेले ५० घोडे जमले की जिंकलेले मोज. १० च्या आसपास यायला हवेत. ६ किंवा १४ आले तरी घाईने निष्कर्ष काढू नकोस, तेवढं नशिबाने होतं. २ च आले, तर तू २० लिहितोस तिथे २० नसतात. तोवर रक्कम वाढवायची नाही.

रविवारचं कार्ड भरून शनिवारी रात्रीच मला फोटो पाठव.