उलटा परतावा-वक्र: काय उलटतं आणि त्यावरून काय समजतं

प्रश्न: ‘इन्व्हर्टेड यील्ड कर्व्ह’ला मराठीत काय म्हणावं? एका लेखात ‘नकारात्मक परतावा’ असं वाचलं, ते बरोबर आहे का? आणि तो दिसला की मंदी येते म्हणतात, हे कितपत खरं?

‘नकारात्मक परतावा’ इथे चालणार नाही, कारण ते वेगळ्याच गोष्टीचं नाव आहे. २०१९ मध्ये जर्मनीच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरचा परतावा खरोखरच शून्याखाली गेला होता. तो घेऊन मुदतीपर्यंत ठेवणाऱ्याला घातलेल्या पैशांपेक्षा कमी पैसे परत मिळणार होते. त्याला नकारात्मक परतावा म्हणावं. वक्र उलटा असताना मात्र प्रत्येक मुदतीच्या रोख्यावर चांगला चार-पाच टक्के परतावा मिळत असू शकतो. शून्याखाली जातो तो दोन मुदतींच्या दरांमधला फरक.

हा वक्र काढायची रीत सोपी आहे. एकाच सरकारचे रोखे घ्यायचे आणि त्यांचे एकाच दिवसाचे दर. आडव्या अक्षावर मुदत मांडायची, अमेरिकेच्या बाबतीत अगदी कमी मुदतीच्या ट्रेझरी बिलापासून तीस वर्षांच्या रोख्यापर्यंत, आणि उभ्या अक्षावर प्रत्येकावरचा वार्षिक परतावा. पैसे जितके जास्त काळ अडकणार तितका मोबदला जास्त मागितला जातो, म्हणून एरवी रेघ डावीकडून उजवीकडे चढत जाते. हा चढता वक्र. फरक उरला नाही की सपाट. कधी मधल्या मुदतींचा दर सर्वांत जास्त असतो आणि वक्राला कुबड येतं. आणि तीन महिन्यांचा दर दहा वर्षांच्या दरापेक्षा वर गेला, की तो उलटा.

‘उतरता वक्र’ असंही काही जण लिहितात. आकृतीकडे पाहिलं तर ते चूक नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की दिवसागणिक परतावा उतरतो आहे. इथे काळाचा प्रवास नाहीच, एका दिवसाचं चित्र आहे. ‘व्यस्त’ म्हटलं तर गणितातलं व्यस्त प्रमाण आठवतं. म्हणून माझं मत ‘उलटा परतावा-वक्र’ या शब्दाला. नेहमीचा क्रम उलटला, एवढंच तो सांगतो आणि तेवढंच सांगायचं असतं.

आता मंदीचं. वक्राची दोन टोकं वेगवेगळ्या हातांत असतात, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. जवळच्या मुदतींचे दर मध्यवर्ती बँकेच्या धोरणदराला चिकटून चालतात. लांबच्या मुदतींचे दर रोखेबाजार ठरवतो, आणि त्यात पुढच्या अनेक वर्षांत धोरणदर सरासरी किती असेल याचा अंदाज मिसळलेला असतो. अमेरिकेचं २००६-०७ हे या गोष्टीचं फार स्वच्छ उदाहरण आहे. जून २००४ मध्ये फेडरल रिझर्व्हचा धोरणदर १ टक्का होता. तो पाव-पाव टक्क्याने सतरा वेळा वाढवत जून २००६ मध्ये ५.२५ टक्क्यांवर नेला. दहा वर्षांचा दर मात्र या साऱ्या काळात साधारण चार ते पाच टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिला. २००७ उजाडताना तीन महिन्यांच्या बिलावर सुमारे ५ टक्के मिळत होते आणि दहा वर्षांच्या रोख्यावर सुमारे ४.७.

मग पाच टक्के सोडून ४.७ वर दहा वर्षं पैसे कोण गुंतवेल? ज्याला वाटतं की पाच टक्के टिकणार नाहीत, तो. तीन महिन्यांचं बिल संपलं की पैसे त्या वेळच्या दराने पुन्हा गुंतवावे लागतात. तो दर वर्ष-दोन वर्षांत दोन टक्क्यांवर आला, तर दहा वर्षं बांधून घेतलेले ४.७ टक्केच भारी ठरतात. अशा खरेदीदारांची गर्दी झाली की लांबच्या रोख्यांची किंमत चढते, आणि रोख्याची किंमत चढली की त्यावरचा परतावा उतरतो. मध्यवर्ती बँक दर एवढे खाली आणते ते बहुधा अर्थव्यवस्था ढासळू लागल्यावर. म्हणजे उलटा वक्र हा हजारो गुंतवणूकदारांनी पैसे लावून व्यक्त केलेला अंदाज असतो. पुढे झालंही तसंच. डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली आणि वर्षभरात तीन महिन्यांचा दर शून्याजवळ पोचला.

मार्च २००६ मध्ये फेडरल रिझर्व्हचे नवे अध्यक्ष बेन बर्नांकी यांनी वक्र सपाट होण्यातून मोठी मंदगती सूचित होते असं आपण मानत नाही, असं सांगितलं होतं. जगभरची बचत लांबच्या रोख्यांकडे येत असल्याने तो दर दबलेला आहे, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण इशाराही खरा निघाला.

या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास कॅम्पबेल हार्वी यांनी १९८६ च्या शिकागो विद्यापीठातल्या प्रबंधात केला. साठच्या दशकाच्या अखेरीपासून २०२० पर्यंत अमेरिकेतल्या प्रत्येक मंदीआधी वक्र उलटलेला दिसतो. २०२० ची मंदी कोविडमुळे आली, तिचं श्रेय २०१९ च्या उलट्या वक्राला देणं मला पटत नाही. शिवाय १९६६ मध्ये वक्र उलटला, अर्थव्यवस्था मंदावली, पण मंदी जाहीर करण्यापर्यंत गोष्ट गेली नाही.

वेळेच्या बाबतीत वाचकांची सर्वांत जास्त फसगत होते. वक्र उलटल्यापासून मंदीपर्यंत काही महिने जाऊ शकतात किंवा दीड-दोन वर्षंही. आणि मंदी प्रत्यक्ष सुरू होते तेव्हा वक्र अनेकदा पुन्हा चढता झालेला असतो. डिसेंबर २००७ मध्ये तीन महिन्यांचा दर तीन टक्क्यांच्या आसपास होता आणि दहा वर्षांचा चारच्या वर. कारण दरकपात सुरू झाली होती आणि जवळचं टोक झपाट्याने खाली आलं होतं. ‘वक्र सरळ झाला, धोका टळला’ असा मथळा त्या दिवशी साफ चुकला असता.

अलीकडचा अनुभव उलट दिशेचा आहे. जुलै २०२२ पासून सुमारे दोन वर्षं अमेरिकेत दोन वर्षांचा दर दहा वर्षांच्या दरापेक्षा वर राहिला. २०२३ मध्ये हा फरक एक टक्क्याहून मोठा झाला होता. तरीही २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं तिथली अर्थव्यवस्था वाढतच राहिली. या वेळी बाजार मुख्यतः महागाई उतरेल आणि म्हणून दर उतरतील असं धरून चालला होता. त्यासाठी मंदी यावीच लागते असं नाही. शिवाय असंख्य घरमालकांनी आणि कंपन्यांनी २०२०-२१ मध्ये स्वस्त दराने लांब मुदतीची कर्जं घेऊन ठेवली होती, त्यामुळे वाढलेल्या दरांचा चटका त्यांना उशिरा आणि कमी बसला.

आपल्याकडे तर आणखी जपून बोलावं. जुलै २०१३ मध्ये रुपया घसरत असताना रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने पैसे देण्याचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला. जवळच्या मुदतींचे दर एकदम उसळले आणि वक्र उलटला. ते रुपया सावरण्यासाठी मुद्दाम केलेलं होतं, त्यातून मंदीचा अंदाज काढणं गैर. भारतात बँका आणि विमा कंपन्यांना नियमांमुळेच सरकारी रोखे घ्यावे लागतात, म्हणून लांबचा दर हा निव्वळ अंदाजाचा आरसा राहत नाही.

म्हणून ‘वक्र उलटल्याने मंदी येणार’ असं लिहू नये; ‘उलटा वक्र मंदीची शक्यता सुचवतो’ असं लिहावं. सोबत देश कोणता, कोणत्या दोन मुदती ताडून पाहिल्या आणि फरक किती दिवस टिकला, हेही द्यावं. अमेरिकेत २०२२ च्या जुलैत दोन आणि दहा वर्षांचा क्रम उलटला, पण तीन महिने आणि दहा वर्षांचा उलटायला शरद ऋतू उजाडला. नुसतं ‘वक्र उलटला’ म्हटलं तर यांतलं कोणतं, ते कळत नाही.