हेंपक्रीटच्या भिंतीवर स्लॅब टाकता येईल का?

प्रश्न: हेंपक्रीटची भिंत उष्णता अडवते म्हणतात, ती कशामुळे? आणि तिच्यावर थेट स्लॅब टाकला, पावसात उघडी ठेवली तर चालेल का?

उत्तर: स्लॅब नको. हेंप या भांगेच्या जातीच्या झाडाच्या खोडाचे सच्छिद्र तुकडे चुन्यात कालवून ही भिंत भरतात. उष्णता अडते ती त्या छिद्रांत आणि तुकड्यांमधल्या फटींत अडकलेल्या हवेमुळे. चुना फक्त तुकडे धरून ठेवतो. हेंपक्रीटच्या साधारण ३०० मिमी भिंतीइतका उष्णतेचा रोध साध्या विटांनी मिळवायचा तर जाडी दोन-तीन मीटरपर्यंत जाईल!

पण हवा भार पेलत नाही. दाबशक्ती बहुधा १ मेगापास्कलच्या आतच. म्हणून भार लाकडी सांगाड्यावर, हेंपक्रीट फक्त भराव. मजबुतीसाठी जास्त ठोकून भरलं तर हवा कमी होते, रोध घटतो, आणि तरीही ते स्लॅबच्या लायकीचं होत नाही.

दमट हवा चालते. साचलेलं किंवा सतत आदळणारं पाणी नाही. छिद्रांत पाणी शिरलं की रोध गेला, लाकूडही कुजू शकतं. त्यामुळे जोत्यावर ओल रोखणारा थर, वर रुंद छज्जा आणि बाहेरून चुन्याचा गिलावा. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो. भरल्यावर भिंत कित्येक आठवडे वाळू द्या, घाईने गिलावा केला तर तो डागाळतो, सुटतो.